शब्दांशिवाय ‘नाही’ कसं सांगायचं: लॉकआउटच्या फिल्मचा अनुभव

यंत्राच्या सरकत्या पट्ट्यात काही अडकलं तर हात घालण्याआधी त्या यंत्राची वीज तोडायची, तोडलेल्या जागी स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. कारखान्यात याला लॉकआउट म्हणतात. ही पद्धत दाखवणारी सव्वा मिनिटाची फिल्म करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा अट एकच होती: त्यात शब्द नकोत. तिथले कामगार पाच-सहा वेगवेगळ्या भाषा बोलणारे आणि काहींना वाचताच येत नाही. त्यामुळे निवेदन नाही, पाट्या नाहीत, पायऱ्यांना आकडेसुद्धा नाहीत. या कामात नव्याने येणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून त्यात मी कुठे चुकले आणि ते कसं लक्षात आलं, ते लिहिते.

सुरुवात मी आयकॉनपासून केली. आयएसओ ७०१० या मानकातली सुरक्षाचिन्हं जगभर वापरली जातात आणि त्यांची रंग-आकाराची शिस्त पक्की आहे. निळं वर्तुळ म्हणजे ‘हे करायलाच हवं’, पिवळा त्रिकोण म्हणजे धोका, तिरकी रेघ असलेलं लाल वर्तुळ म्हणजे मनाई आणि हिरवा चौकोन म्हणजे सुरक्षित वाट किंवा मदत. ही शिस्त तशीच पाळावी, ‘दिसायला छान’ म्हणून रंग बदलू नयेत. बरोबरच्या खुणेचं आणि फुलीचं मात्र तसं नाही. जपानमध्ये आपली ‘बरोबर’ची खूण चुकलेल्या उत्तरावर करतात आणि बरोबर उत्तराला गोल करतात. म्हणून मी त्या दोन्ही खुणा वगळल्या.

पहिल्या आवृत्तीत मी निळ्या वर्तुळातलं कुलूप वापरलं. ते दाखवल्यावर बघणाऱ्यांनी सांगितलं, ‘खोलीला कुलूप लावायचं’. त्यांचं बरोबरच होतं, कारण त्या चिन्हाचा मानकातला अर्थच ‘कुलूपबंद ठेवा’ असा आहे. ‘हे कुलूप दुसऱ्याला वीज चालू करू देत नाही’ हा अर्थ त्या चित्रात मावत नाही. तो हालचालीतूनच येतो.

मग मी वीज दिसेल अशी केली. मुख्य स्विचपासून मोटरपर्यंत जाणाऱ्या वायरीतून पिवळे ठिपके वाहताहेत, मोटर फिरते आहे. एक कामगार स्विचचा दांडा खाली ओढतो, ठिपके तिथेच थांबतात, मोटर मंदावत थांबते. तो दांड्याच्या भोकातून कुलूप अडकवतो. आता दुसरा कामगार येतो, दांडा वर करू पाहतो. कुलूप ताणलं जातं, ‘खट्’ आवाज होतो, दांडा जागचा हलत नाही. तो पुन्हा ओढतो, पुन्हा खट्. मग तो पहिल्याकडे बघतो आणि पहिला खिशावर हात ठेवतो, आत किल्ली खुळखुळते. हे सगळं नऊ सेकंदांचं आहे. ते आल्यावर खोलीचा गैरसमज थांबला.

खरी अडचण पुढच्या पायरीवर आली. कुलूप लावल्यावर सुरू करायचं बटण एकदा दाबून बघायचं असतं, म्हणजे वीज खरोखर तुटली आहे याची खात्री होते. मी दाखवलं ते असं: कामगार हिरवं बटण दाबतो, यंत्र स्थिर राहतं, मग तो हात घालून अडकलेला खोका काढतो. चाचणीत बारापैकी चौघांनी सांगितलं, ‘कुलूप लावायचं, मग यंत्र चालू करायचं आणि खोका काढायचा.’ हे ऐकून मी सुन्न झाले. ज्या चुकीने माणसाचा हात जातो, तीच चूक माझी फिल्म शिकवत होती. अमेरिकेतल्या सुरक्षाचिन्हांच्या मानकात अशा उलट्या समजुतीचा वेगळा हिशेब ठेवतात: किमान ८५ टक्के लोकांना चिन्ह बरोबर कळायला हवं आणि घातक उलटा अर्थ लावणारे ५ टक्क्यांहून जास्त चालत नाहीत. माझे तर बारात चार होते.

कारण शोधायला मी फिल्म फ्रेम-फ्रेम करून पाहिली. बटण दाबणं दिसत होतं, पण ‘काहीच झालं नाही’ हे दिसत नव्हतं. चित्राला नकार देता येत नाही. थांबलेलं यंत्र हे फक्त थांबलेलं यंत्र, ते चालू व्हायला हवं होतं आणि झालं नाही, हे बघणाऱ्याला कळणार कसं? त्यासाठी आधी त्याच्या मनात अपेक्षा तयार करावी लागते. बटण दाबलं की काय होतं हे त्याने आधी पाहिलेलं आणि ऐकलेलं असेल, तरच ते न होणं त्याला जाणवेल.

म्हणून मी सुरुवात बदलली. फिल्म आता बटणापासून सुरू होते: क्लिक, बटणातला दिवा लागतो, ठिपके धावतात, मोटरची घरघर चढत जाते, पट्टा सरकतो. थांबवून पुन्हा तेच, त्याच कोनातून, त्याच वेगाने. दोनदा पाहिल्यावर तो क्रम डोक्यात बसतो. पुढे कुलपानंतर तोच कोन येतो. कामगार आधी दोन्ही हात यंत्रापासून दूर नेतो, आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहतो, मग बटण दाबतो. क्लिक. दिवा लागत नाही. ठिपके कुलपापाशीच अडलेले. आणि पूर्ण दीड सेकंद शांतता. त्या दीड सेकंदात कामगाराची नजर पट्ट्यावर खिळलेली ठेवली, कारण बघणारा पात्राच्या नजरेमागे जातो. संपादन करताना ही शांतता मला फार लांब वाटत होती आणि मी ती दोनदा छाटली. दोन्ही वेळा चाचणीत जुना गोंधळ परत आला.

शांतता ऐकू यायला आधी आवाज ऐकू यायला हवा, हेही इथेच शिकले. माझी घरघर साधारण ८० हर्ट्झची, चांगल्या हेडफोनवर भरीव. मोबाइलच्या स्पीकरवर ती जवळजवळ नाहीशीच झाली, कारण तो इतके खालचे सूर वाजवूच शकत नाही. मग मी तिच्यावर ४०० ते १००० हर्ट्झमधला गिअरचा किणकिणाट चढवला. शिवाय फिल्म बऱ्याचदा गोंगाटात किंवा आवाज बंद करूनच चालते, म्हणून प्रत्येक आवाजाला चित्रात जोडीदार दिला: घरघरीला थरथरती मोटर, खट्ला ताणलेलं कुलूप, किल्लीला हलणारा खिसा. धोक्यासाठी लाल झगझगाट टाकायचा मोह होतो, पण सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट टाळावेत, काहींना त्याने फिट येऊ शकते.

चाचणीबद्दल एक सांगायलाच हवं. ‘समजलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. एकेकाला वेगळं बसवा, एकदाच फिल्म दाखवा आणि खरं कुलूप, खरा स्विच हातात देऊन म्हणा, ‘आता तू कर.’ तो काय करतो आणि कशानंतर करतो ते लिहून ठेवा. चौघांनी घातलेला गोंधळ मला असाच सापडला. सगळ्यांना एकत्र बसवलं असतं तर पहिल्याचं उत्तर ऐकून बाकीच्यांनी तेच सांगितलं असतं.

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत जमली नाही. कुठला स्विच कुठल्या यंत्राचा, हे फिल्मला सांगता येत नाही. माझ्या फिल्ममध्ये एकच यंत्र, एकच स्विच. कारखान्यात एका भिंतीवर आठ स्विच आणि एखाद्या यंत्राला विजेबरोबर दाबलेल्या हवेची नळीही असते. ती वेगळी बंद करून आतला दाब सोडावा लागतो, नाहीतर वीज तुटूनही दट्ट्या हलू शकतो. हवेसाठी मी दाब दाखवणारा, उतरत जाणारा काटा आणि ‘फुस्स’ घातलं, ते कळलं. स्विचच्या बाबतीत मी फिल्म देताना लिहूनच दिलं, की ती पाहून झाल्यावर प्रत्येकाला त्याच्या यंत्रापाशी नेऊन त्याचा स्विच हाताने दाखवावा.