कृषी संशोधनाचा पेपर वाचताना या चुका टाळा: आधी प्लॉट मोजा

पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षाची मुलं ॲब्स्ट्रॅक्ट वाचतात, तिथून थेट निष्कर्षावर उडी मारतात आणि ‘उत्पादनात १४ टक्के वाढ’ असं वहीत उतरवून मोकळी होतात. प्रयोग कसा केला ते सांगणारी मधली पानं उघडलीच जात नाहीत. ही घाई मला अजिबात पटत नाही. पेपर वाचायचा की नाही, एवढंच ॲब्स्ट्रॅक्टवरून ठरवावं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नमुन्यांची संख्या आणि रेप्लिकेशनची, म्हणजे ट्रीटमेंट स्वतंत्रपणे किती वेळा दिली त्याची, संख्या एकच समजणं. ट्रीटमेंट ज्याला स्वतंत्रपणे, चिठ्ठी टाकून दिली जाते, ते प्रयोगाचं एकक. खत प्लॉटला दिलं असेल तर एकक प्लॉट. त्यातून निवडलेली पाच झाडं म्हणजे पाच रेप्लिकेशन नव्हेत. ती एकाच मातीत, एकाच ओलीवर वाढलेली असतात, त्यामुळे एकमेकांसारखी निघतात. त्यांना स्वतंत्र धरलं की एरर आहे त्यापेक्षा लहान दिसते आणि किरकोळ फरकही सिग्निफिकंट ठरतो.

एका विद्यार्थिनीने जैव उत्तेजकावरचा असाच एक पेपर आणला होता. त्याच्या भरवशावर प्रबंधाचा विषयही पक्का केला होता. आरबीडी, म्हणजे प्रत्येक ब्लॉकमध्ये सगळ्या ट्रीटमेंट चिठ्ठी टाकून दिलेली रचना, चार ट्रीटमेंट, तीन ब्लॉक, प्रत्येक प्लॉटमधून पाच झाडं. मी म्हटलं, “आधी एररच्या डिग्री ऑफ फ्रीडम काढ.” ट्रीटमेंटमधून एक वजा, ब्लॉकमधून एक वजा आणि दोन्हींचा गुणाकार: ३ × २ = ६. पेपरच्या अनोव्हा तक्त्यात मात्र ५६ छापले होते. तिने बराच वेळ तक्त्याकडे पाहिलं आणि मग तिच्या लक्षात आलं: ६० झाडं, वजा ४ ट्रीटमेंट. लेखकांनी झाडालाच रेप्लिकेशन मानलं होतं आणि ब्लॉक हिशोबातूनच गेले होते.

पेपरसोबत झाडनिहाय आकडे जोडलेले होते, हे नशीब. तिने प्रत्येक प्लॉटमधल्या पाच झाडांची सरासरी घेतली आणि त्या १२ आकड्यांवर अनोव्हा पुन्हा केला. पेपरमध्ये झाडामागे ४.५ ग्रॅमचा फरक होता आणि सीडी, म्हणजे सिग्निफिकंट ठरायला लागणारा किमान फरक, ३.१, म्हणून तो सिग्निफिकंट. नव्या हिशोबात फरक तोच राहिला, सीडी मात्र ६.९ झाली. यावरून जैव उत्तेजक निरुपयोगी ठरत नाही. त्याचा परिणाम आहे की नाही, हे १२ प्लॉटमधून कळलं नाही, इतकंच. तिने विषय सोडला नाही, ब्लॉक सहा केले, म्हणजे एररला १५ डिग्री ऑफ फ्रीडम मिळाल्या. निदान १२ तरी असाव्यात, असा प्रघात आहे.

म्हणून मी मटेरियल्स अँड मेथड्स वाचताना कागदावर पेन्सिलीने प्रयोगाचा आराखडा काढतो. ब्लॉक किती, प्लॉट किती, चिठ्ठ्या कशाच्या टाकल्या, मोजमाप कशाचं घेतलं. आराखडा काढता आला नाही, तर पद्धत अपुरी लिहिलेली आहे असं धरावं आणि दाव्यावर तेवढाच कमी विश्वास ठेवावा.

त्यानंतर तक्त्याच्या तळाच्या ओळी वाचाव्यात. तिथे SEm, म्हणजे सरासरीची प्रमाण त्रुटी, आणि CD, म्हणजे वरची सीडी, दिलेले असतात आणि त्यांचं नातं ठरलेलं आहे:

```
CD = t × √2 × SEm
```

आठ ट्रीटमेंट आणि तीन रेप्लिकेशन असतील तर एररला १४ डिग्री ऑफ फ्रीडम मिळतात. ५ टक्के पातळीला t २.१४५ येतो, म्हणजे सीडी SEm च्या साधारण तिप्पट हवी. SEm १.२ आणि सीडी २.१ छापली असेल, तर कुठेतरी चूक आहे. छपाईची की हिशोबाची, ते कळेपर्यंत तो तक्ता वापरू नका.

आता सुरुवातीचे ते १४ टक्के. समजा कंट्रोलचं उत्पादन हेक्टरी २२.८ क्विंटल आहे आणि नव्या ट्रीटमेंटचं २६.०. फरक ३.२ क्विंटल, म्हणजे जवळपास १४ टक्के. पण सीडी ३.६ असेल तर दोन्ही ॲट पार, म्हणजे त्यांच्यातला फरक सिग्निफिकंट नाही. टक्केवारी वाचण्याआधी फरक आणि सीडी शेजारी लिहायची सवय लावून घ्या. उलट बाजूही ध्यानात ठेवा: ॲट पार म्हणजे दोन्ही सारख्या असल्याचं सिद्ध झालं, असं नाही.

कंट्रोल कोणता, हेही बघा. अजिबात खत न दिलेल्या प्लॉटशी तुलना केली तर जवळपास काहीही चांगलं दिसतं. तुलना शिफारशीत मात्रेशी हवी. एकाच हंगामाच्या प्रयोगावरून शिफारस केलेली असेल तर ती शिफारस म्हणून उद्धृत करू नका. आणि कुंडीतल्या झाडाच्या वजनाला हेक्टरी झाडांच्या संख्येने गुणून काढलेलं उत्पादन दिसलं, तर तो आकडा तुमच्या परीक्षणात घेऊच नका. कुंडीतल्या झाडाला शेजाऱ्याशी प्रकाशासाठी, पाण्यासाठी झगडावं लागलेलं नसतं.