कंट्रोल सिस्टिम्सची व्हायवा: स्टॅबिलिटीवर बोलताना या चुका टाळा

स्टॅबिलिटीवरचे प्रश्न वरवर सोपे वाटतात, पण एक्स्टर्नल दुसरा प्रश्न विचारतो तिथे बरेच जण अडकतात. आपण एकच सिस्टिम धरून चालू. G(s) = K/[s(s+1)(s+2)], युनिटी निगेटिव्ह फीडबॅक. जवळपास सगळं यातच निघतं.

प्र. सिस्टिम स्टेबल आहे का?

इथली नेहमीची चूक म्हणजे "पोल्स 0, -1, -2 वर आहेत, उजवीकडे एकही नाही, म्हणजे स्टेबल" असं ठोकून द्यायचं. अरे, हे ओपन लूपचे पोल्स झाले! लूप बंद केल्यावर पोल्स सरकतात, आणि कुठे सरकतात ते 1 + G(s) = 0 वरून कळतं, म्हणजे s³ + 3s² + 2s + K = 0. तेव्हा आधी परीक्षकालाच विचारा, "सर, ओपन लूप की क्लोज्ड लूप?" यात कमीपणा काही नाही, उलट तुम्हाला फरक माहितीये हे त्यांना कळतं.

प्र. K = 10 घेतला, सगळे कोइफिशंट्स पॉझिटिव्ह आहेत, मग स्टेबल ना?

नाही, आणि हा सापळा मुद्दाम लावलेला असतो. कोइफिशंट्स पॉझिटिव्ह असणं ही आवश्यक अट आहे, पण तेवढ्याने भागत नाही (सेकंड ऑर्डरपर्यंत भागतं, म्हणूनच गोंधळ होतो). राऊथ टेबल मांडा:

```
s^3 |  1         2
s^2 |  3         K
s^1 | (6-K)/3    0
s^0 |  K
```

K = 10 टाकला की s¹ च्या रोमध्ये -4/3 येतं. पहिल्या कॉलममध्ये चिन्ह आधी 3 वरून -4/3 ला बदललं आणि मग -4/3 वरून 10 ला, म्हणजे दोनदा, म्हणजे दोन पोल्स उजव्या बाजूला. बरेच जण "एक निगेटिव्ह आकडा म्हणजे एक पोल" म्हणतात, ते चूक. निगेटिव्ह आकडे मोजायचे नाहीत, चिन्ह किती वेळा बदललं ते मोजायचं. स्टेबल रेंज 0 < K < 6.

प्र. आणि K = 6 ला?

s¹ ची अख्खी रो शून्य होते. इथे "रो शून्य म्हणजे मार्जिनली स्टेबल" हे पाठ केलेलं वाक्य घात करतं. रो शून्य होणं एवढंच सांगतं की ओरिजिनभोवती सिमेट्रिक रूट्स आहेत, मग ते ±jω असू शकतात किंवा +1 आणि -1 सुद्धा. s³ + s² - s - 1 करून बघा, तिथेही रो शून्य होते, ऑक्झिलरी इक्वेशन s² - 1 = 0 येतं आणि सिस्टिम सरळ अनस्टेबल निघते. आपल्या केसमध्ये ऑक्झिलरी इक्वेशन 3s² + 6 = 0, म्हणून s = ±j√2, तिसरा पोल -3 वर. jω अक्षावरचे पोल्स रिपीट झालेले नाहीत आणि बाकीचा डावीकडे आहे, *म्हणून* मार्जिनली स्टेबल, ऑसिलेशन 1.414 rad/s ला.

याला जोडून येणारा प्रश्न म्हणजे मार्जिनली स्टेबल सिस्टिम बिबो स्टेबल असते का. नसते. याच सिस्टिमला 1.414 rad/s चा साइन इनपुट द्या, इनपुट मर्यादेत आहे पण आउटपुट वाढतच जातं. नुसत्या इंटिग्रेटर 1/s ला स्टेप दिला की रॅम्प मिळतो, तसंच. हे इंटिग्रेटरचं उदाहरण तोंडावर ठेवा, दहा सेकंदात सांगून होतं.

प्र. K = 1 ला गेन मार्जिन किती?

बोडे प्लॉट काढायची गरजच नाही, सीमा K = 6 ला आहे म्हणजे गेन 6 पट वाढवायला जागा आहे, 20 log 6, साधारण 15.6 dB. फेज क्रॉसओव्हर तोच 1.414 rad/s. राऊथ आणि बोडे हे दोन वेगळे धडे नाहीत हे इथे दिसतं आणि परीक्षक सहसा इथेच खूश होतो.

पण मग तो विचारतो, "गेन मार्जिन निगेटिव्ह dB मध्ये आलं तर अनस्टेबलच ना?" इथे लगेच हो म्हणू नका. K/(s-1) घ्या, K = 2. क्लोज्ड लूप पोल 1 - K म्हणजे -1 वर, झकास स्टेबल. तरी ω = 0 ला फेज -180° आणि मॅग्निट्यूड 2, म्हणजे गेन मार्जिन 1/2, साधारण -6 dB. इथे धोका गेन वाढवल्याने नाही तर कमी केल्याने आहे, K एकच्या खाली गेला की सिस्टिम हातची गेली. "पॉझिटिव्ह मार्जिन म्हणजे स्टेबल" हा नियम ओपन लूपला उजवीकडे पोल्स नसतील आणि प्लॉट -180° एकदाच ओलांडत असेल अशा साध्या केसेसपुरता आहे, ओपन लूप स्वतःच अनस्टेबल असेल तर नायक्विस्ट काढून -1 भोवतीचे वेढे मोजावे लागतात.