खंड शिकताना आणि गाळ्याचा हिशेब मांडताना या चुका टाळा

बारावी आणि बी.कॉम.च्या मुलांना मी ठाण्यात अर्थशास्त्र शिकवतो. 'खंड', म्हणजे जमिनीच्या वापराचा मोबदला, हा धडा तसा छोटा आहे, पण उत्तरपत्रिका तपासताना सर्वांत जास्त लाल शाई इथेच संपते. गंमत म्हणजे याच चुका मला राम मारुती रोडवरच्या दुकानदारांच्या बोलण्यातही ऐकू येतात. म्हणून उदाहरणही तिथलंच घेतो. आकडे हिशेबापुरते मी धरलेले आहेत, कुणाच्या वहीतले नाहीत.

दोनशे चौरस फुटांचा एक गाळा, त्यात वडापाव-फरसाणाचं दुकान. महिन्याची विक्री 6 लाख. कच्चा माल 2 लाख 70 हजार, पोरांचे पगार 1 लाख 10 हजार, गॅस आणि वीज 40 हजार. दुकानदार स्वतः सकाळी सहापासून उभा असतो. त्याची मेहनत आणि गुंतवलेल्या पैशावरचं व्याज मिळून 60 हजार धरू. मुलं हा आकडा हमखास विसरतात. 'मालकाला कुठे पगार द्यायचाय?' पण तेवढे पैसे त्याला दुसरीकडे सुटत असतील, तर त्यापेक्षा कमी मिळाल्यावर तो इथे उभा राहणार नाही. म्हणजे तो खर्चच. एकूण खर्च 4 लाख 80 हजार, उरले 1 लाख 20 हजार. गाळ्यासाठी तो जास्तीत जास्त एवढेच देऊ शकतो, आणि गाळा मिळवायला दहा जण टपलेले असतील तर भाडंही तिथपर्यंत जातं.

आता हेच दुकान घोडबंदर रोडच्या एखाद्या आतल्या गल्लीत न्या. विक्री 3 लाख 60 हजार. माल 1 लाख 62 हजार, पगार 80 हजार, गॅस-वीज 28 हजार, स्वतःचे तेच 60 हजार. उरतात फक्त 30 हजार. वडा तोच, हात तोच, फरक जागेचा.

पहिली चूक: सगळ्या भाड्याला खंड म्हणणं

गाळा म्हणजे नुसती जमीन नव्हे. भिंती, स्लॅब, शटर हे कुणीतरी पैसे घालून उभं केलंय. बांधकामाला 8 लाख लागले असं धरा. त्यावरचं व्याज, घसारा आणि डागडुजी मिळून वर्षाला 12 टक्के, म्हणजे महिन्याला 8 हजार. दोन्ही ठिकाणी हा आकडा सारखाच, कारण विटा-सिमेंटला पत्ता कळत नाही. तो वजा केला की राम मारुती रोडवर 1 लाख 12 हजार उरतात, आतल्या गल्लीत 22 हजार. अर्थशास्त्रातला खंड तो हा.

ही वाटणी करायची तर एकच प्रश्न विचारायचा: हे पैसे मिळाले नाहीत तर वस्तू नाहीशी होईल का? 8 हजार मिळेनासे झाले तर मालक डागडुजी थांबवेल, गळती लागेल, नवा गाळा कुणी बांधणार नाही. पाच-दहा वर्षांत गाळे कमी झालेले दिसतील. 1 लाख 12 हजार मिळेनासे झाले तर? मालक हळहळेल, पण राम मारुती रोडची जमीन तसूभरही आक्रसणार नाही.

दुसरी चूक: 'भाडं जास्त, म्हणून वडा महाग'

हे वाक्य इतकं सहज वाटतं की त्यावर वाद घालणाराच वेडा ठरतो. पण जुन्या नौपाड्यात पागडीच्या गाळ्यांशेजारून चालत जा. एक दुकानदार तीन पिढ्यांपासूनचा पागडीवाला, भाडं महिन्याला काहीशे रुपये. त्याच्या भिंतीला भिंत लावून दुसरा, तो लाखाच्या वर मोजतो. भाड्यामुळे वड्याचा भाव ठरत असता, तर पहिल्याकडे वडा पाच रुपयांना मिळायला हवा होता. दोघांकडे भाव जवळपास सारखाच असतो. गिऱ्हाईक समोरून जाताना पाटीवरचा भाव बघतं, आतला भाडेकरार बघत नाही.

उलटं बघितलं की कोडं सुटतं. रस्त्यावर वर्दळ आहे, वडा त्या भावाला आणि त्या संख्येनं खपतो, म्हणून मागे 1 लाख 20 हजार उरतात, आणि उरतात म्हणून मालक ते मागू शकतो. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोनं 1817 मध्ये हेच धान्याबद्दल मांडलं होतं: खंड द्यावा लागतो म्हणून धान्य महाग नाही, धान्य महाग आहे म्हणून खंड द्यावा लागतो.

पागडीवाल्याच्या जागेचा खंड मग गेला कुठे? कुठेच नाही. तो मालकाऐवजी भाडेकरूच्या खिशात जातो. गाळा दुसऱ्याला देताना जी भलीमोठी पागडी घेतली जाते, ती पुढच्या अनेक वर्षांच्या त्याच खंडाची एकरकमी किंमत. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं अशा रकमेला मान्यता दिली, त्याआधी ती काळ्यात फिरायची. कायद्यानं भाडं दाबलं तेव्हा जमीन कमी झाली नाही. पैसे कुणाला मिळणार, एवढंच बदललं.

इथे एक मर्यादा सांगायलाच हवी. एकट्या दुकानदारासाठी भाडं हा खराखुरा खर्च आहे. त्यानं दिलं नाही तर त्याच जागी मोबाइलवाला येईल. त्यामुळे 'सर, मग मी भाडं हिशेबात धरू नको का?' असं विचारणाऱ्याला 'धर बाबा' असंच सांगायचं. जमिनीचा सगळा साठा एकत्र पाहिला, तरच ते पैसे निव्वळ शिल्लक ठरतात.

तिसरी चूक: पुरवठ्याची रेषा तिरकी काढणं

जमिनीच्या पुरवठ्याची रेषा सरळ उभी असते, कारण किंमत कितीही वाढली तरी जमीन तेवढीच. मुलं ती तिरकी काढतात, कारण त्याआधी काढलेल्या टोमॅटोपासून शर्टापर्यंतच्या सगळ्या रेषा तिरक्या होत्या. हात सवयीनं चालतो. शेजारून मेट्रो गेली की मागणीची रेषा उजवीकडे सरकते. उभ्या रेषेवर ती आधीच्यापेक्षा वर छेदते आणि फक्त किंमत वाढते. आडव्या अक्षावरचा जमिनीचा आकडा आहे तिथेच राहतो.

ही चूक कागदापुरती राहत नाही. 'जमिनीवर कर बसवला तर मालक तो भाडेकरूवर ढकलेल' हे विधान त्याच तिरक्या रेषेतून येतं. आपल्या गाळ्याखालच्या जमिनीवर महिन्याला 40 हजार कर बसला असं समजा. मालक दुकानदाराला म्हणतो, "आता एक साठ द्यावे लागतील." दुकानदार आधीच 1 लाख 20 हजारांच्या काठावर उभा आहे. त्यावर 40 हजार वाढले तर त्याच्या मेहनतीचे आणि व्याजाचे मिळून 20 हजारच उरतात. तो म्हणणार, "काका, मग किल्ली घ्या." टपून बसलेल्या दहा जणांचा हिशेबही वेगळा नाही. शटर ओढून बसलं तर आवक शून्य आणि कर चालूच. विकायला काढलं तर घेणारा कर मोजूनच किंमत पाडून मागणार. जमीन गुंडाळून न्यायची सोय नाही. शेवटी मालक 1 लाख 20 हजार घेतो, त्यातले 40 हजार भरतो आणि 80 हजारांत भागवतो.

त्याच जागी बांधकामावर महिन्याला 5 हजार कर लावा. आता 8 हजारांपैकी 3 हजारच हाती लागतात. जुना गाळा पडेपर्यंत चालेल, पण नवा बांधणारा पैसे बँकेत ठेवेल. आतल्या गल्ल्यांत, जिथे जमिनीची कमाई जेमतेम असते, तिथे हे आधी दिसेल. कालांतरानं गाळे कमी पडतील, उरलेल्यांचं भाडं चढेल आणि हा कर खरोखरच भाडेकरूपर्यंत पोचेल. म्हणून 'मालमत्ता कर' असं मोघम लिहिलं की मी गुण कापतो. आपल्याकडे तो जमीन आणि इमारत मिळून लागतो, आणि दोन भाग दोन दिशांनी वागतात.

अनुभव वेगळा दिसला तर दोन गोष्टी तपासा. कर फक्त चालू गाळ्यांवर असेल, तर बंद शटर करातून सुटतं आणि वरचा हिशेब लागू होत नाही. दुसरं, जुन्या करारामुळे भाडं 90 हजारांवरच अडकलं असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी मालक कराचं नाव सांगून ते वाढवेल. कर ढकलला असं वाटतं खरं, पण ती वाढ कर नसता तरी आलीच असती.

चौथी चूक: 'नवी मुंबईत तर खाडी बुजवून जमीन केली की'

हुशार मुलगा वर्गात हे विचारतोच, आणि विचारायलाच हवं. भराव टाकायला डंपर, मुरूम, मजुरी लागते. तो खर्च भांडवलाचा, गाळ्याच्या भिंतींसारखाच. किंमत वाढली तर भराव वाढू शकतो आणि त्या भागाची रेषा खरोखर तिरकी असते. पण वाशी स्टेशनपासून पाच मिनिटांवर असणं हे मुरमानं भरता येत नाही. वर ठाण्याच्या खाडीला कायद्याचं कुंपणही आहे: किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत, फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि 2022 पासून ती जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही आहे.

एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण, त्याचंही तसंच. मजले वाढले की चौरस फूट वाढतात, जमीन नाही. आकृतीत आडव्या अक्षावर काय लिहिलंय ते आधी वाचा. 'बांधकाम, चौरस फुटांत' असेल तर तिरकी रेषा बरोबर, 'जमीन' असेल तर उभी. तिसराही प्रकार आहे, एकाच उपयोगासाठीची जमीन. वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांच्या जागी कार्यालयं आली, म्हणजे कार्यालयांच्या वाट्याची जमीन जास्त पैसे मिळाल्यानं वाढली. ती आली कारखान्यांकडून. ठाण्याची बेरीज तीच राहिली.

शेवटची चूक मात्र वरचं सगळं नीट समजलेल्यांची. 'पैशानं जमीन वाढत नाही, म्हणजे हा पैसा निरुपयोगी.' राम मारुती रोडवरचा गाळा फुकट दिला तर तो कुणाला द्यायचा, हे वशिल्यानं ठरेल. भाडं निदान त्या जागेतून जास्त काढू शकणाऱ्याला पुढे आणतं. जमीन किती हे ते ठरवत नाही, जमीन कशासाठी हे ठरवतं.

आणि ती शिल्लक कुणाची, हा वाद तर नवी मुंबईच्या जन्मापासूनचा आहे. नवी मुंबई वसवणारी सिडको 1970 मध्ये स्थापन झाली, गावांची जमीन संपादित झाली. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. मधल्या काळात 1992 ला मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली, 2024 ला अटल सेतू झाला. दर वेळी जमिनीचा भाव चढला आणि क्षेत्रफळ तेवढंच राहिलं. शेतकरी भांडत होते ते या चढलेल्या भागातल्या वाट्यासाठी.