पायांचा वास, चिखल्या आणि घामट बूट: पावडर, साबण आणि वास घालवणारी साधने कशी वापरावीत

उन्हाळ्यात दिवसभर बंद बूट घालावे लागतात, पायांना वास येऊ लागतो, मग बुरशीनाशक पावडरीचा डबा आणून ती बुटांत सढळ हाताने ओतली जाते आणि आठवडाभरात ‘हिचा काही उपयोग नाही’ असा निकाल देऊन डबा कपाटात जातो. हा निकाल बहुधा चुकीचा असतो. ज्या कारणासाठी पावडर बनलेली नाही त्यासाठी ती वापरलेली असते, आणि तीसुद्धा ओल्या जागी टाकलेली असते. म्हणून खरेदीच्या आधी स्वच्छ उजेडात बसून स्वतःचे पाय नीट पाहावेत.

घामाला स्वतःचा असा फारसा वास नसतो. बंद बुटात त्वचेचा वरचा मृत थर भिजून मऊ पडतो आणि त्वचेवर नेहमीच राहणारे जिवाणू तो थर व घामातील घटक खाऊन त्यांचे विघटन करतात. त्यातून जी आम्ले तयार होतात त्यांपैकी आयसोव्हॅलेरिक आम्लाला जुन्या चीजसारखा आंबूस, कुबट वास येतो. त्वचा दिसायला निरोगी असेल आणि तक्रार केवळ वासाची असेल, तर दोष जिवाणूंचा आहे असे धरून चालावे. बुरशीनाशक पावडर तेथे ओल थोडी कमी करण्यापलीकडे विशेष काही करत नाही.

बुरशी असेल तर ती दिसते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांच्या बेचकीत त्वचा पांढुरकी, भिजल्यासारखी होते, सोलते, चिरते आणि खाजते. यालाच आपण चिखल्या म्हणतो. कधी कधी तळव्याच्या कडेने कोरडे, कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात. तोही बुरशीचाच प्रकार असू शकतो. तिसरी एक अवस्था मात्र फार जणांच्या लक्षात येत नाही. टाचेवर किंवा चवड्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात, पाय भिजले की ते अधिक ठळक होतात आणि वास अतिशय उग्र येतो. हा जिवाणूंचा संसर्ग आहे. त्यावर बुरशीनाशक पावडरीचे डबेच्या डबे संपवण्यात अर्थ नाही. डॉक्टर त्यासाठी त्वचेवर लावायचे प्रतिजैविक किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड देतात.

आता पायांची पायरी. पाय रोज साबणाने धुवावेत. बुरशीनाशक किंवा जिवाणूनाशक साबणावर मोठी भिस्त ठेवू नये, कारण औषधी घटकाला काम करायला वेळ लागतो आणि आपण तो काही सेकंदांत धुऊन टाकतो. असा साबण वापरायचाच असेल तर फेस बोटांच्या बेचक्यांत चोळून दोन-तीन मिनिटे तसाच राहू द्यावा आणि मग पाय धुवावेत. साध्या साबणानेही मृत त्वचा निघते आणि जिवाणूंचे खाद्य कमी होते, हे काम मुळीच कमी महत्त्वाचे नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड असलेला वॉश वापरणाऱ्यांनी पांढराच टॉवेल घ्यावा, कारण त्याने रंगीत कापडाचा रंग उडतो.

धुतल्यावर प्रत्येक बेचकी स्वतंत्रपणे, टॉवेलचे टोक आत घालून, टिपून कोरडी करावी आणि पावडर लावण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे पाय उघडे ठेवावेत. पावडर तळहातावर घेऊन चिमटीने बेचक्यांत आणि तळव्यावर पातळ चोळावी; डबा पायांवर उधळला की अर्धी पावडर नाकात जाते. त्वचेवर पांढरा थर साचलेला दिसला तर ती जास्त झाली. तो थर घामाने भिजून बोटांमध्ये त्याच्या गोळ्या होतात आणि त्या कातडीला घासतात.

चिखल्या आधीच झालेल्या असतील तर पावडरीवर विसंबू नये, हे माझे ठाम मत आहे. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल किंवा टर्बिनाफिन यांचे मलम त्वचेला धरून राहते, म्हणून उपचारासाठी मलम आणि पुन्हा होऊ नये म्हणून पावडर, अशी विभागणी करावी. पुढे खाज थांबली की मलम थांबवायचे हा सर्रास होणारा प्रकार टाळावा. टर्बिनाफिनला बेचकीतल्या साध्या संसर्गासाठी बहुधा एक आठवडा पुरतो, परंतु क्लोट्रिमाझोल साधारण चार आठवडे, म्हणजे त्वचा चांगली दिसू लागल्यानंतरही, चालू ठेवावे लागते. दुकानातून उचललेल्या मलमात स्टेरॉइड मिसळलेले नाही ना, हे वेष्टनावर वाचून पाहावे. स्टेरॉइडने लाली आणि खाज झटकन कमी होते, बुरशी मात्र आत पसरत राहते आणि नंतर ती ओळखणेही अवघड होते. आणखी एक बारीक गोष्ट: पायाला बुरशी असेल तर अंतर्वस्त्राच्या आधी मोजे घालावेत, म्हणजे कपडा पायावरून वर ओढताना ती जांघेत पोहोचत नाही.

येथपर्यंतचे सगळे सोपे आहे. खरा अडसर बुटांचा आहे आणि मलाही सर्वांत जास्त काळ त्यांनीच दाद दिली नाही. पाय स्वच्छ, बेचक्या कोरड्या, पावडर बरोबर, आणि तरीही बूट घातल्यावर तासाभरात तोच वास येत असेल, तर बूट आतून कधी वाळलेलाच नसतो. रात्रभर दाराशी ठेवलेला बूट सकाळी हाताला कोरडा लागतो, परंतु आपला हात पोहोचतो तो टाचेपर्यंत. ओल साचते ती पुढे, बोटांच्या टोपीत आणि सुकतळ्याच्या खाली, आणि तेथे हवा जातच नाही.

याची खात्री करण्यासाठी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरावा. समजा, पूर्ण वाळलेला एक बूट ४१० ग्रॅमचा आहे. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात तो घातला आणि काढल्यावर काटा ४२६ दाखवतो, म्हणजे सोळा ग्रॅम पाणी बुटात आहे. तो तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन ४१९ भरले, तर नऊ ग्रॅम ओल शिल्लक असतानाच आपण त्यात पुन्हा पाय घालणार आहोत. त्या संध्याकाळी आकडा ४२६च्याही वर जातो आणि आठवड्याच्या शेवटी बूट घालण्यापूर्वीच दमट असतो. अशा बुटात पावडर टाकली की तिचा लगदा होतो, तो सुकतळ्याखाली जाऊन बसतो आणि तेथली ओल आणखी धरून ठेवतो. वजन मूळ आकड्यावर आल्याशिवाय बुटात पावडर घालायची नाही, या नियमाला मी अपवाद करत नाही.

वाळवण्याची पद्धत अशी. बूट काढल्याबरोबर नाड्या पूर्ण सैल कराव्यात, जीभ पुढे ओढावी आणि सुकतळा निघणारा असेल तर काढून वेगळा उभा ठेवावा. वर्तमानपत्राच्या कागदाचे सैल बोळे टोपीपर्यंत सारावेत आणि तासा-दोन तासांनी ते काढून टाकावेत. ओले बोळे रात्रभर आत ठेवणे म्हणजे ओल परत बुटाला देणे होय. ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की कागदाची युक्ती लोकांनी उगाचच बदनाम केली आहे. त्यानंतर बुटांची तोंडे पंख्याच्या झोताकडे करून ते तिरके टेकवावेत, जेणेकरून हवा टोपीपर्यंत शिरेल. पंख्याची वाहती हवा येथे उन्हापेक्षा अधिक उपयोगी पडते. कडक उन्हात बूट बाहेरून तापतो, चामडे कडक होते, डिंक सुटतो, आणि टोपीतली ओल बऱ्याच अंशी तशीच राहते. एवढे करूनही सकाळी वजन उतरले नसेल, तर दुसरा जोड घेणे आणि दोन्ही आलटून पालटून घालणे हाच उपाय आहे. कोणत्याही फवाऱ्यावर खर्च करण्याआधी तो पैसा दुसऱ्या जोडाकडे वळवावा.

बूट वाळल्यावरच वास घालवणाऱ्या साधनांचा विचार करावा. खाण्याचा सोडा प्रत्येक बुटात दोन लहान चमचे पसरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी झटकून टाकावा. तो त्या आंबूस आम्लांचे क्षारात रूपांतर करतो, आणि क्षार हवेत उडत नसल्यामुळे वास येत नाही. जिवाणू मात्र त्याने मरतात असे धरू नये. चामड्याच्या बुटात सोडा वारंवार वापरल्यास चामडे कोरडे पडते. तेथे सक्रिय कोळशाच्या पुरचुंड्या बऱ्या. सुगंधी फवारे मी वापरत नाही, कारण ते वासावर दुसरा वास चढवतात आणि बहुतेक वेळा बूट पुन्हा ओला करतात. बूट फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्लाही सोडून द्यावा. थंडीत जिवाणू आणि बुरशी बहुतांशी निद्रिस्त होतात आणि बूट पायात गरम झाला की पुन्हा कामाला लागतात.

चिखल्यांवर उपचार चालू असताना बुरशीनाशक पावडर वाळलेल्या बुटातही, विशेषतः टोपीत आणि सुकतळ्याखाली, चिमूटभर घालावी, कारण बुरशीचे बीजाणू बुटात दीर्घकाळ टिकतात. त्याच काळात मोजे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत. कोमट पाण्यात बुरशी शिल्लक राहू शकते. फार घाम येणाऱ्याने दुपारी मोजे बदलावेत. सुती मोजे घाम शोषतात खरे, परंतु शोषलेला घाम त्वचेलगतच धरून ठेवतात, त्यामुळे एक सुती जोड दिवसभर घालण्यापेक्षा ओल बाहेर नेणारे मिश्र धाग्याचे मोजे मला अधिक बरे वाटतात.

घामच मूळ कारण असेल तर ॲल्युमिनियम क्लोराइडचे घामरोधक झोपण्यापूर्वी पूर्ण कोरड्या, अखंड त्वचेवर लावावे आणि सकाळी धुवावे. ओल्या त्वचेवर त्यातून आम्ल तयार होऊन आग होते, आणि चिरलेल्या बेचकीत ते कधीही लावू नये.

मधुमेह असणाऱ्यांनी किंवा पायांची संवेदना कमी झालेल्यांनी बेचकीतली भेग घरी हाताळू नये, कारण तेथून जिवाणूंचा खोल संसर्ग आत शिरतो. इतरांनीही पाय सुजला, लाली वर चढू लागली, पू आला किंवा चार आठवडे नियमित मलम लावूनही त्वचा सुधारली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. नख जाड, पिवळट आणि ठिसूळ झाले असेल तर बुरशी नखाखाली असण्याची शक्यता असते; तेथपर्यंत पावडर किंवा साबण पोहोचत नाही, आणि पोटातून औषध घ्यायचे की नाही हे नखाचा तुकडा तपासल्यानंतरच ठरवतात.