वॉटरप्रूफिंग आणि पेस्ट कंट्रोलचे आगाऊ बुकिंग: सोसायटीच्या कमिटीसाठी पत्र कसे लिहावे

मी सात वर्षे मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीचा सचिव होतो आणि आता गच्चीचे वॉटरप्रूफिंग व पेस्ट कंट्रोल करणाऱ्या लहान व्यावसायिकांना जाहिरातीचा मजकूर लिहून देतो. सचिव असताना एका कंत्राटदाराचे पत्र आले होते, ‘तीन दिवसांत बुक करा, दहा टक्के सवलत मिळवा’. दर चांगला होता, माणूसही कामाचा वाटत होता. पण तीन दिवसांत आमच्या कमिटीची सभासुद्धा लागू शकत नव्हती, त्यामुळे सवलत गेली आणि त्याच्याबरोबर तो कंत्राटदारही गेला. घरमालक फोनवर हो म्हणतो, कमिटीला मात्र कोटेशने मागवावी लागतात, त्यांचा तुलनात्मक तक्ता करावा लागतो, ठराव लिहावा लागतो आणि मोठ्या खर्चासाठी सर्वसाधारण सभेपुढे जावे लागते. मजकूर लिहायचा तो या वाटेने चालणाऱ्या वाचकासाठी.

म्हणून पहिली पायरी म्हणजे लिहिण्याआधी तारखा उलट्या मोजणे. मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनला दाखल होतो असे हवामान खाते मानते, पण वळवाची सर मे महिन्यातही येऊन जाते. तेव्हा चाचणीसह गच्चीचे काम 25 मेपर्यंत संपले पाहिजे. मध्यम आकाराच्या गच्चीला धुणे, पोकळ झालेला जुना थर काढणे, भेगा भरणे, पॅरापेटच्या कडेची गोलाई नव्याने करणे, दोन हात मारणे आणि शेवटी पाणी भरून पाहणे यासाठी तीन आठवडे धरावेत, म्हणजे काम मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायला हवे. विशेष सर्वसाधारण सभेची सूचना किमान पाच पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि मे महिन्यात अर्धी सोसायटी गावी गेलेली असल्याने गणपूर्ती होत नाही, तेव्हा सभा एप्रिलच्या मध्यापर्यंत व्हायला हवी. याचा अर्थ पत्र फेब्रुवारीच्या अखेरीस कमिटीच्या हातात पडले पाहिजे आणि बुकिंगची मुदत 20 एप्रिल असली पाहिजे. व्यावसायिकांना 31 मार्च ही मुदत फार आवडते, पण त्या आठवड्यात खजिनदार वर्षअखेरच्या हिशेबात बुडालेला असतो.

दुसरी पायरी सवलतीचे गणित तपासण्याची आहे, आणि माझ्या मते बहुतेक मजकूर इथेच फसतो. उदाहरणादाखल 42 सदनिकांची सोसायटी घ्या, तिची गच्ची 4,200 चौरस फूट आणि दर चौरस फुटाला 60 रुपये. मूळ रक्कम 2,52,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 45,360 रुपये, एकूण 2,97,360 रुपये. म्हणजे प्रत्येक सदनिकेमागे 7,080 रुपये. आता पाच टक्के आगाऊ सवलत दिली तर सदनिकेमागे वाचतात 354 रुपये. एवढ्यासाठी कोणताही सचिव सभा लवकर बोलावत नाही. त्याला भीती असते ती जूनमध्ये सर्वांत वरच्या मजल्यावरचे सभासद छताला आलेल्या ओलीचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतील याची. म्हणून सवलत बाजूला ठेवून तारीख विकावी: ‘20 एप्रिलपूर्वी ठराव मिळाल्यास आपले काम 4 मे रोजी सुरू होईल आणि 25 मेपूर्वी चाचणीसह पूर्ण होईल.’ मात्र ही तारीख खरी असली पाहिजे. दोन मिस्त्री आणि चार बिगारी असलेल्या व्यावसायिकाने मे महिन्यात अशा दोनच गच्च्या घ्याव्यात आणि पत्रात तसे स्पष्ट लिहावे. ‘मोजक्या जागा शिल्लक’ या वाक्यापेक्षा ‘मे महिन्यात दोन गच्च्या घेतो, त्यांपैकी एक ठरली आहे’ हे वाक्य जास्त काम करते.

तिसरी पायरी चाचणी शब्दांत उतरवण्याची. ‘शंभर टक्के गळतीमुक्त’ असे लिहिणाऱ्यांची पत्रे कमिटीने ढिगाने पाहिलेली असतात, आणि ज्या सभासदाकडे न्हाणीघराच्या नळातून किंवा बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून पाणी येते त्याची गळती गच्चीच्या कामाने थांबतही नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘पाणी जाण्याची तोंडे बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी 48 तास भरून ठेवू, आणि त्यानंतर कमिटीच्या दोन सदस्यांसह वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक सदनिकेचे छत पाहू.’ जाणत्या खजिनदाराच्या मनात लगेच प्रश्न येतो की एवढे पाणी आणायचे कुठून. 4,200 चौरस फुटांवर दोन इंच म्हणजे जवळपास 20,000 लिटर, दहा हजार लिटरचे दोन टँकर. त्यांचा खर्च दरात धरला आहे की नाही हे त्याच ओळीत सांगून टाकावे. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच पाणी भरू, हेही लिहावे. हमीच्या परिच्छेदात ती कशाने रद्द होते ते नेमके सांगावे, उदाहरणार्थ कोणी डिश अँटेना किंवा सोलर हीटरच्या पायासाठी गच्चीला भोके पाडली तर. दहा टक्के रक्कम पहिल्या मोठ्या पावसानंतर घेण्याची तयारी असेल, तर ते वाक्य पत्राच्या पहिल्या तीन ओळींत यावे.

पेस्ट कंट्रोलचा मजकूर त्याच पत्रात, पण वेगळ्या कागदावर आणि वेगळ्या रकमेसह द्यावा. दोन्ही मिळून एकच पॅकेज केले की, कमिटी स्वतःच्या अधिकारात मंजूर करू शकली असती असे छोटे काम गच्चीच्या मोठ्या खर्चाबरोबर सर्वसाधारण सभेपर्यंत अडकून पडते. इथेही वेळ हाच मुद्दा आहे. पावसाचे पाणी बिळांत शिरले की उंदीर मीटररूम आणि लिफ्टच्या खड्ड्याकडे वळतात, म्हणून आवारातले आमिषाचे डबे मे महिन्यातच बसवलेले बरे; वाळवीचे पंखवाले किडे मात्र पहिल्या सरींनंतरच दिसतात, तेव्हा त्याची पाहणी जूनमध्ये ठेवावी. झुरळांसाठी घराघरांत जेल लावायचे असेल तर मे महिन्यात निम्म्या दारांना कुलूप असणार हे गृहीत धरून जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यातला एक रविवार राखीव ठेवल्याचे लिहावे. औषधाचे नाव आणि कीटकनाशक परवान्याचा क्रमांक छापावा, आणि ‘पूर्णपणे निर्धोक’ हे शब्द टाळून औषध मारल्यावर किती तास लहान मुलांना आणि मांजरांना दूर ठेवायचे ते सांगावे.

शेवटची पायरी मला सर्वांत उपयोगी वाटते आणि ती फारसे कोणी करत नाही: सचिवाला ठरावाचा मसुदा तयार करून देणे. पत्राखाली एवढेच पुरते: ‘गच्चीचे क्षेत्रफळ 4,200 चौ. फूट, जीएसटीसह एकूण रक्कम रु. 2,97,360, प्रति सदनिका रु. 7,080, काम 4 मे ते 25 मे, दहा टक्के रक्कम पावसानंतर देय. या अटींवर काम देण्याचा ठराव. सूचक ______ अनुमोदक ______’. इतर दोन कोटेशनांची तुलना करताना सचिव याच रकान्यांचा तक्ता आखतो, आणि ज्यांनी टँकर व जीएसटी लिहिलेला नसतो त्यांच्या नावापुढची जागा कोरी राहते.