तीन पाळ्या, सहा डब्या: क्रिएटिन सुरू करण्याआधीची तयारी

सोमवारपासून क्रिएटिन, म्हणजे व्यायाम करणारे स्नायूंच्या ताकदीसाठी घेतात ती पावडर, घ्यायचं ठरवलं असेल, तर त्याआधीच्या रविवारी तासभर मोकळा ठेवा. पावडर आणणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम आहे. रोजची वेळ ठरवण्यातच खरा वेळ जातो, आणि ज्याची पाळी दर आठवड्याला फिरते त्याचं सगळं तिथेच फसतं. मी नाशिकच्या अंबडला मशिनिंगमध्ये आहे. पहिली पाळी सात ते तीन, दुसरी तीन ते अकरा, तिसरी अकरा ते सात, सुट्टी रविवारी. पहिल्या खेपेला मी ही तयारी केली नव्हती. दोन महिने पैसे आणि पोट दोन्ही बिघडवून घेतल्यावर ही यादी जमली.

कागद घ्या आणि त्यावर तीन आठवड्यांची झोप लिहा. घड्याळातली आदर्श झोप नको, खरोखर कधी डोळा लागतो ते. माझं असं होतं: पहिल्या पाळीला साडेदहा ते पाच. दुसरीला घरी येऊन, काहीतरी खाऊन, साडेबारा ते साडेसात. तिसरीला मात्र दोन तुकडे पडतात. सकाळी साडेआठ ते साडेबारा, मग घरातला आवाज, दारावरची बेल, आणि पुन्हा संध्याकाळी पाच ते सात. आता या तीन ओळी एकाखाली एक ठेवून बघा, कोणत्या वेळी तुम्ही तिन्ही आठवडे हमखास जागे असता? माझ्याकडे अशा तीन जागा निघाल्या. एक सकाळी साडेसात ते साडेआठ, दुसरी दुपारी साडेबारा ते पाच, तिसरी संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा.

सकाळची जागा मी खोडली. पहिल्या पाळीला त्या वेळी मी मशीनवर सेटिंगमध्ये असतो, हात कूलंटने बरबटलेले. तिसऱ्या पाळीनंतर त्या वेळी फक्त अंथरूण दिसतं. शिवाय झोपायच्या तोंडावर ग्लासभर पाणी प्यायचं म्हणजे दहा वाजता लघवीला उठायचं, आणि दिवसाची झोप एकदा मोडली की परत लागत नाही. दुपारचीही खोडली, कारण पहिल्या पाळीला तीनपर्यंत आणि दुसरीला तीनपासून मी मशीनवर असतो. राहिली संध्याकाळ, आणि त्यात एक गोष्ट तिन्ही आठवडे जागेवर असते: रात्रीचं जेवण. पहिल्या पाळीला घरी आठ वाजता, दुसरीला कॅन्टीनच्या सुट्टीत साडेसातला डबा, तिसरीला बस पकडण्याआधी नऊच्या सुमारास. फरक जेमतेम दीड तासाचा. रविवारीही जेवण चुकत नाही. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबावं लागतं, पण जेवण होतंच की.

हे जेवण सापडायच्या आधी मी ‘उठल्यावर एक चमचा’ असा नियम धरला होता. ऐकायला सरळ वाटतो. तिसऱ्या पाळीत माणूस दिवसातून दोनदा उठतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. दुपारी साडेबाराला उठून घेतलं, संध्याकाळी सातला उठून पुन्हा घेतलं, आणि सकाळी सातला पाळी सुटून घरी आल्यावर ‘आजचं राहिलं वाटतं’ म्हणून तिसऱ्यांदा. रात्रपाळीत ‘आज’ कधी संपतो आणि ‘उद्या’ कधी लागतो तेच कळत नाही. तेव्हा माझा चमचाही शीग भरून असायचा. अशा दिवशी पंधरा-सोळा ग्रॅम पोटात गेलं आणि रात्री तीनला लाइन सोडून धावावं लागलं. क्रिएटिन एकदम जास्त झालं की पोटात कळ येऊन जुलाब होतात. पुढच्याच आठवड्यात पहिली पाळी लागली, पाचला उठून पळापळ, त्यात चार दिवस घ्यायचंच राहिलं.

वेळेत दीड तासाचा फरक चालतो आणि चार दिवसांचा खंड मात्र खटकतो, याचं कारण क्रिएटिन काम कसं करतं त्यात आहे. ते चहासारखं घेतल्या घेतल्या चढत नाही. स्नायूंमध्ये त्याचा साठा होतो आणि उपयोग त्या साठ्याचा. साधारण माणसाच्या अंगात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास क्रिएटिन असतं आणि रोज त्यातलं दोनेक ग्रॅम क्रिएटिनिन होऊन लघवीतून जातं. नाशिककराला गंगापूर धरणाचं उदाहरण पुरेल. एक दिवस आवक थांबली म्हणून धरणाची पातळी उतरत नाही. रोज तीन ग्रॅम घेतलं तर साठा भरायला सुमारे चार आठवडे लागतात, आणि पूर्ण बंद केलं तर चार ते सहा आठवड्यांत तो हळूहळू मूळ पातळीवर येतो. म्हणून एखादा दिवस चुकला तर झोपायच्या आत आठवेल तेव्हा घ्यायचं. झोपून उठल्यावर आठवलं तर ते गेलं असं समजायचं, दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही.

याच कारणाने सुरुवातीचं ‘लोडिंग’ मी यादीतून काढलं. त्यात रोज वीस ग्रॅम, चार वेळा पाच-पाच करून, पाच ते सात दिवस घेतात. साठा आठवड्यात भरतो हे खरं. पण ज्याला दिवसातून एक वेळ सांभाळता येत नाही त्याने चार कशा सांभाळायच्या? तीन ग्रॅमनेही तिथेच पोचायचं आहे, तीन आठवडे उशिरा. सुरुवात मात्र पहिल्या पाळीच्या सोमवारी करा. सहाही रात्रीची जेवणं घरी होतात, सवय बसते, आणि अठ्ठावीस दिवसांत पाळ्यांचा पूर्ण फेरा होऊन वर एक आठवडा राहतो. वेळ खरंच जमतेय का, ते तोवर कळतं.

आता खरेदी. डब्यावर घटक म्हणून ‘क्रिएटिन मोनोहायड्रेट’ एवढंच हवं. एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत बघून घ्या. ‘प्री-वर्कआउट’ म्हणून मिळणारी मिश्रणं घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच डब्यांत कॅफीन असतं, आणि पहिल्या पाळीच्या आठवड्यात रात्री आठला ते पोटात गेलं तर साडेदहाची झोप गेलीच. नुसतं क्रिएटिन उत्तेजक नाही, म्हणूनच ते जेवणाबरोबर चालतं. रोज तीन ग्रॅमच्या हिशेबाने अडीचशे ग्रॅमचा डबा ऐंशी दिवसांवर जातो. आमच्यासारख्या शाकाहारी माणसाच्या स्नायूंत मुळात साठा कमी असतो, त्याला फरक जास्त जाणवू शकतो. तरी डोस तोच.

डब्यातल्या चमच्यावर आंधळा विश्वास नको. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एक चमचा ठेवला तर आकडा तीन दाखवेल नाहीतर पाच, कारण एवढ्या कमी वजनाला तो काटा धड बोलत नाही. आम्ही कंपनीत करतो तेच करा: दहा सपाट चमचे एकत्र टाका आणि दहाने भागा. माझे दहा चमचे चौतीस ग्रॅम भरले, म्हणजे एक चमचा ३.४ ग्रॅम. झालं. शीग लावून भरलेला चमचा पाचच्या वर गेला, म्हणून चमचा सुरीच्या पाठीने सपाट करायचा.

त्याच रविवारी सहा छोट्या कोरड्या डब्या घ्या, घट्ट झाकणाच्या. दर रविवारी त्या भरायच्या आणि झाकणावर वार लिहायचा. सोमवारची डबी म्हणजे सोमवारी संध्याकाळचं जेवण, मग त्यानंतरची पाळी मंगळवारी सकाळी का संपेना. डबी रिकामी असेल तर घेतलं, भरलेली असेल तर राहिलं, डोक्याला विचारायचंच नाही. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात त्या दिवसाची डबी जेवणाच्या डब्याच्या पिशवीतच जाते. रविवारचा चमचा मोठ्या डब्यातून घ्यायचा आणि लगेच पुढचा आठवडा भरायचा. पावसाळ्यात मोठ्या डब्यात ओला चमचा गेला तर गोळे होतात. गोळे फोडून वापरता येतात, पण मोजमाप बिघडतं.

बाटलीत आधीच कालवून नेऊ नका. पाण्यात दिवस-दिवस राहिलं तर क्रिएटिनचं क्रिएटिनिन होत जातं. पावडर कोरडी न्यायची आणि तिथे पाण्यात टाकून लगेच प्यायची. थंड पाण्यात ती नीट विरघळत नाही. डिसेंबरात कॅन्टीनचं पाणी ग्लासात घेतलं तर तळाशी वाळूसारखा थर राहतो. आमच्या रिलीव्हरने तो थर बघून ‘माल डुप्लिकेट आहे’ म्हणत ग्लास बेसिनमध्ये ओतला होता. साध्या पाण्याच्या एका ग्लासात पावणेतीन ग्रॅमच्या आसपासच विरघळतं. म्हणून कोमट पाणी घ्या, आणि तरीही थर राहिला तर थोडं पाणी घालून, हलवून पिऊन टाका.

अपेक्षाही आधीच ठरवून ठेवा. पहिल्या काही आठवड्यांत वजन किलोभर वाढू शकतं. ते स्नायूंत धरलेलं पाणी आहे, घाबरून बंद करू नका. आणि झोपेची भरपाई यातून होणार नाही. जागरणावरच्या एका जर्मन प्रयोगाची चर्चा २०२४पासून बरीच होते. त्यात पंधरा माणसांना एका रात्रीपुरता वजनाच्या किलोमागे ०.३५ ग्रॅम एवढा डोस दिला होता आणि विचारांचा वेग थोडा सावरलेला दिसला. सत्तर किलोच्या माणसाला हे साडेचोवीस ग्रॅम होतात, तेही एकदाच. रोज रात्रपाळीला एवढं घ्यायचं असा अर्थ त्यातून काढला, तर माझ्या पोटाची गोष्ट वर वाचलीच आहे.

किडनीचा आजार असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, किडनीवर ताण येणारी गोळी चालू असेल किंवा घरात गरोदर बाई हे घेणार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नका. बाकीच्यांनी सुरू करण्याआधी एकदा रक्तातलं क्रिएटिनिन तपासून रिपोर्ट फाइलला लावावा. मी ते केलं नव्हतं. कंपनीच्या वार्षिक मेडिकलमध्ये माझं क्रिएटिनिन १.४ आलं आणि कागदावर लाल गोल. क्रिएटिन घेणाऱ्याचा हा आकडा किडनी ठीक असूनही थोडा वर जाऊ शकतो, कारण क्रिएटिनिन त्याचंच बनतं. पण आधीचा आकडाच नसेल तर ‘थोडा’ म्हणजे किती, हे डॉक्टर तरी कसं सांगणार? त्यांनी ‘काही पावडर वगैरे घेता का?’ विचारलं तेव्हा मी डबा दाखवला. मग त्यांनी सिस्टॅटिन-सी तपासायला सांगितलं, कारण त्या चाचणीवर क्रिएटिनचा परिणाम होत नाही. ती नॉर्मल आली. आता मेडिकलच्या फॉर्मवर चालू औषधांच्या रकान्यात मी स्वतःच लिहितो: क्रिएटिन, रोज तीन ग्रॅम, रात्रीच्या जेवणाबरोबर.