पहिल्या प्रकरणात जगाचा इतिहास सांगत बसू नका : फॅन्टसी लिहिणाऱ्यांच्या काही चुका

बेळगावला टिळकवाडीत एका मित्राच्या वरच्या खोलीत आम्ही काहीजण रविवारी जमतो. खानापूर, येळ्ळूर, निपाणीकडून लिहिणारी पोरं येतात. हल्ली निम्म्यांच्या पिशवीत फॅन्टसी कादंबरी असते, आणि त्यातल्या बहुतेकींचं पहिलं प्रकरण मला न वाचताच माहीत असतं. 'फार फार पूर्वी, जेव्हा पाच कुळांमध्ये...' इथं मी पेन्सिल खाली ठेवतो.

चिडतो, कारण हेच मी स्वतः केलंय, आणि तेही अकरा पानं.

आमच्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. त्याच तालुक्यातून म्हादई निघते ती पश्चिमेला, गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. एकाच डोंगरातल्या दोन बहिणी, पाठ फिरवून गेलेल्या. यावर मी एक जग रचलं. त्यात एक नियम ठेवला : जो दोन्ही नद्यांचं पाणी पितो, तो आपल्या माणसांना विसरतो. नकाशा काढला, कुळं पाडली, बहिणींचं भांडण कशावरून झालं ते ठरवलं. दोन वर्षं गेली त्यात. मग पहिलं प्रकरण आत्याला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती.

चौथ्या पानावर आत्या म्हणाली, "अजून कोण आलंच नाही की रे."

"येतंय. आधी हे कळायला पाहिजे."

"बरं, वाच."

सातव्या पानाला ती कुकर लावायला उठली. मी वाचत राहिलो, भिंतीला. नवव्या पानावर एकदाची गंगू आली. भाऊ तापानं फणफणलेला, औषध डोंगरापलीकडच्या वैद्याकडं, आणि खिंडीतल्या चौकीवर पलीकडच्या नदीचं ओंजळभर पाणी प्यायल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. आत्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. "म्हणजे औषध आणायला गेली तर भावालाच विसरणार? मग औषध घेऊन येणार कुणाकडं?"

आठ पानांत जे झालं नाही ते चार ओळींत झालं. बाकीचं सगळं मी वाचकाआधी स्वतःला समजावत होतो. जग रचताना ते लिहावंच लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. त्याची जागा वेगळ्या वहीत.

आपल्याकडं हे कुणी शिकवायची गरज नव्हती खरं तर. श्रावणातल्या कहाण्या आठवा. 'आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. त्याला दोन राण्या होत्या. एक आवडती, दुसरी नावडती.' नगराचं वर्णन दोन शब्दांत संपलं आणि चौथ्या वाक्याला कुणाच्या तरी जिवाला घोर लागला. व्रताचा नियम कधी येतो ते बघा. दुःखात असलेली बाई कुणाला तरी वसा करताना बघते आणि विचारते, "तुम्ही काय करता?" उत्तर लगेच मिळत नाही. "तुला कशाला हवा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील." म्हणजे नियमाआधी नियम मोडण्याची भीती येते, आणि नियम मिळतो तो ज्याला त्याची गरज आहे त्याला. जादूचा नियम सांगायची याहून चांगली रीत मला अजून सापडलेली नाही.

तेच धरून मी प्रकरण पुन्हा लिहिलं. सुरुवात अशी झाली :

'गंगूनं निघताना शेजारच्या मास्तरांकडून तळहातावर भावाचं नाव लिहून घेतलं. चौकीच्या रांगेत उभी राहिल्यावर तिच्या लक्षात आलं, आपल्याला वाचता कुठं येतंय.'

नियम अजून सांगितलेला नाही. पण नाव हातावर का लिहायचं, हा प्रश्न वाचकाच्या डोक्यात बसला. मग रांगेत गंगूच्या पुढं एक बाई ठेवली, तिच्या पदराला धरून लहान मुलगा. पहारेकरी म्हणतो, "ओंजळ धर." बाई पिते, तोंड पुसते, खाली बघते आणि गंगूला विचारते, "कुणाचं पोर गं हे?" नियम कळला, त्याची किंमतही कळली, आणि पुढचा नंबर गंगूचा आहे. बहिणींचं भांडण, पाच कुळं, चौकी कुणी बसवली, यातलं काहीही इथं लागलं नाही. पहारेकऱ्याला ते सांगायची गरज नाही आणि गंगूला ऐकायला वेळ नाही.

माझी सवय सांगतो. प्रकरण छापून घ्यायचं आणि ज्या वाक्याची त्या प्रसंगातल्या कुठल्याच माणसाला त्या क्षणी गरज नाही, त्याखाली लाल रेघ मारायची. मग रेघेची वाक्यं सोडून उरलेलं मोठ्यानं वाचायचं. अडखळलं तर एखादं वाक्य परत घ्यायचं, एकच. स्क्रीनवर बघून हे जमत नाही, निदान मला तरी. घाईत असलेली पोरं यावर शॉर्टकट काढतात : तीच माहिती पात्रांच्या तोंडी घालतात. "दादा, तुला तर माहीतच आहे, आपल्या राज्यात शंभर वर्षांपूर्वी..." अरे, माहीत आहे तर सांगतोस कशाला? हा ढीग तिथंच आहे, फक्त अवतरणचिन्हांत.

दुसरी चूक उलट्या बाजूची. कुणीतरी सांगितलेलं असतं, 'सुरुवात दणक्यात करा'. निपाणीकडच्या एका पोरानं पहिल्याच परिच्छेदात तीन हजार सैनिक मारले. किल्ला पडला, आकाश लाल झालं. मी विचारलं, यातला तुझ्या ओळखीचा कोण मेला? तो गप्प. तीन हजारांत एकालाही नाव नव्हतं. जगबुडीचं भय वाचकाला पहिल्या पानावर वाटत नाही, कारण ते जग अजून त्याचं झालेलं नसतं. मी त्याला म्हटलं, तो किल्ल्यावर पाणी भरणारा गडी आहे ना, आठव्या पानावरचा, त्याला आण. त्याची म्हातारी आई खाली माचीवर आहे आणि दरवाजे सूर्यास्ताला बंद होणार आहेत. एवढं पुरे. पुढच्या रविवारी तो तेच लिहून घेऊन आला. लढाई आता फक्त लांबून ऐकू येत होती, आणि जास्त भीती वाटत होती.

पणाला काय लागलंय हे तपासायला मी दोनच गोष्टी बघतो : हे माणूस आज काय गमावू शकतं, आणि काहीच न करता घरी बसलं तर काय होईल. दुसऱ्याचं उत्तर 'काही नाही' असेल तर प्रसंग चुकीचा निवडलाय. गंगू बसून राहिली तर भाऊ जातो, गेली तर तिच्यापुरता तो तसाही जातो.

बाकीच्या चुका थोडक्यात. स्वप्नानं सुरुवात करून पान उलटल्यावर 'ती दचकून जागी झाली' म्हणू नका. भविष्यवाणी पहिल्या पानावर नको, ती खरी होणार हे सगळ्यांना माहीत असतं. पहिल्या पानावर तीनपेक्षा जास्त नवी नावं नकोत, आणि 'झ्रक्थार' असलं नाव तुम्हाला स्वतःला मोठ्यानं घेता येत नसेल तर बदला.

आणि हे वाचून सगळंच गाळू नका. मागच्या महिन्यात एकीनं इतकं लपवलं की नायिका माणूस आहे की पक्षी हे तिसऱ्या पानापर्यंत कळेना. ते गूढ नव्हे, गोंधळ. पहिलं पान वाचून झाल्यावर ऐकणाऱ्याला विचारा : कोण आहे, कुठं उभं आहे, काय हवंय? तिन्हीची उत्तरं आली पाहिजेत. 'का' मागं राहिला तर राहू दे.

माझ्या अकरा पानांतली चार वाक्यं पुढं सहाव्या प्रकरणात लागली, गंगू परतताना. नकाशा अजून कपाटात आहे. आत्यानं तो कधीच बघायला मागितला नाही. ती भेटली की विचारते, "पोराचा ताप उतरला काय रे?"